'पेक्षा'च्या आधीचा शब्द: रूप बरोबर, वाक्य चूक

ही दोन वाक्यं वाचा.

गुरूचा गॅनिमीड हा चंद्र बुधापेक्षा मोठा आहे.
गुरूचा गॅनिमीड हा चंद्र पृथ्वीपेक्षा मोठा आहे.

शाळेत शिकलेल्या व्याकरणाने तपासलं तर दोन्ही वाक्यं पास होतात. 'पेक्षा' हे शब्दयोगी अव्यय, म्हणून त्याच्या आधीच्या नामाचं सामान्यरूप व्हायला हवं. 'बुध'चं 'बुधा' झालं आहे. 'पृथ्वी' ईकारान्त स्त्रीलिंगी असल्याने तिचं एकवचनी सामान्यरूप 'पृथ्वी'च राहतं. म्हणजे विभक्तीच्या बाजूने तक्रार नाही.

आता आकडे बघू. गॅनिमीडचा व्यास साधारण ५,२६८ किलोमीटर आहे आणि बुधाचा ४,८७९. पहिलं वाक्य खरं ठरलं. पृथ्वीचा व्यास साधारण १२,७४२ किलोमीटर आहे, म्हणजे दुसरं वाक्य साफ खोटं. पण असं वाक्य लिहिणाऱ्याला खगोलशास्त्र येत नसतं असं नाही. त्याच्या मनात पृथ्वीचा चंद्र असतो, ज्याचा व्यास ३,४७४ किलोमीटर आहे. एक चंद्र दुसऱ्या चंद्राशी ताडून पाहायचा होता, पण कागदावर चंद्राची तुलना ग्रहाशी झाली. चूक फक्त एका अक्षराची आहे: 'पृथ्वीच्यापेक्षा' हवं होतं.

माझी पीएचडी भौतिकशास्त्रातली, व्याकरणातली नाही. पण मोजमापांबद्दल मराठीत लिहायचं म्हणजे दर दोन वाक्यांनी 'पेक्षा' येतो, त्यामुळे त्याच्या वागण्याकडे बारकाईने बघावं लागतं. माझा आक्षेप असा आहे की "'पेक्षा'च्या आधी सामान्यरूप" हा नियम बरोबर असला तरी अर्धा आहे. त्यावर विसंबून वाक्य तपासणारा माणूस निरुपद्रवी गोष्टींवर लाल रेघ मारतो आणि वरच्यासारखं खोटं वाक्य सोडून देतो.

नियमात बरोबर काय आहे

आधी नियमाला त्याचं श्रेय देऊ. शिसं लोखंडापेक्षा जड आहे. बर्फ पाण्यापेक्षा हलका आहे. प्रकाशाचा वेग हवेपेक्षा निर्वात पोकळीत जास्त असतो. लोखंड, पाणी, हवा ही नामं 'पेक्षा' लागण्याआधी बदलली: लोखंडा-, पाण्या-, हवे-. तसंच लाकूड–लाकडापेक्षा, भिंत–भिंतीपेक्षा, वीज–विजेपेक्षा, गहू–गव्हापेक्षा. 'शिसं लोखंडपेक्षा जड आहे' असं कुणी म्हटलं तर कानाला लगेच खटकतं. हे सामान्यरूप शोभेसाठी नाही, वाक्याचा सांधा आहे.

इथे दोन गैरसमज नेहमी दिसतात. पहिला 'रामापेक्षा' या पाठ्यपुस्तकी उदाहरणामुळे होतो. 'पेक्षा' हा शब्द संस्कृत 'अपेक्षा'वरून आला, म्हणजे '-च्या मानाने' असा त्याचा मूळ भाव. मग काहींना वाटतं की 'राम + अपेक्षा' असा संधी होऊन 'रामापेक्षा' झालं असेल. अकारान्त पुल्लिंगी शब्दावर हा तर्क खपून जातो. पण 'हवेपेक्षा', 'भिंतीपेक्षा', 'गव्हापेक्षा' यांना संधीचं स्पष्टीकरण लागूच होत नाही. म्हणून 'पेक्षा'चा नियम शिकायचा किंवा शिकवायचा असेल तर राम सोडून 'हवा' किंवा 'भिंत' घ्या. तिथे सामान्यरूप उघड दिसतं.

दुसरा गैरसमज म्हणजे 'पेक्षा' लागला की पंचमी विभक्ती. याला थोडा आधार आहे. संस्कृतमध्ये तुलना पंचमीने करतात आणि मराठीतही 'हून' या पंचमीच्या प्रत्ययाने तीच तुलना होते: 'पाण्याहून हलका', 'माझ्याहून मोठी'. पण 'पेक्षा' 'हून'च्या जागी येतो म्हणून तो पंचमीचा प्रत्यय होत नाही. आपण 'पाण्याहूनपेक्षा' म्हणत नाही. 'पेक्षा'च्या आधी एरवी कुठल्याच विभक्तीचा प्रत्यय लागत नाही, फक्त सामान्यरूप येतं. म्हणजे "योग्य विभक्ती कोणती?" या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे: विभक्ती नाही, विभक्तीआधीचं रूप. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो पुढे येईल.

सामान्यरूप बरोबर आहे का हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे त्याच शब्दाला 'ला' किंवा 'ना' लावून पाहायचं. पाण्याला, म्हणून पाण्यापेक्षा. भिंतीला, म्हणून भिंतीपेक्षा. मुलांना, म्हणून मुलांपेक्षा, आणि अनेकवचनाचा तो अनुस्वारही लिहायचाच. 'गुरू इतर ग्रहापेक्षा मोठा' यात अनुस्वार गळला की वाचणारा क्षणभर कुठला एक ग्रह ते शोधत बसतो.

याच युक्तीने आणखी एक वाद मिटतो. 'रोहितपेक्षा' लिहिलं तर काही जण ते चूक ठरवून 'रोहितापेक्षा' करतात. पण आज आपण 'रोहिताला' म्हणतो का? नाही, 'रोहितला' म्हणतो. मग 'रोहितपेक्षा'च बरोबर. माणसांची आजची नावं सामान्यरूपाला दाद देत नाहीत. पूर्वीची 'सीतेला' होती, आजची 'स्मिताला' आहे, म्हणून 'सीतेपेक्षा' आणि 'स्मितापेक्षा' दोन्ही आपापल्या जागी ठीक. बाहेरून आलेल्या शब्दांचं तसंच: मोबाईलपेक्षा, बसपेक्षा, ॲल्युमिनियमपेक्षा. गावांच्या नावांत दोन्ही चालतात. 'नागपूरला' म्हणणारा माणूस 'नागपुरात' असंही म्हणतो, म्हणून 'नागपूरपेक्षा' आणि 'नागपुरापेक्षा' यांपैकी एकावर चुकीचा शिक्का मारता येत नाही. पुणं, ठाणं, सातारा मात्र बदलतातच: पुण्यापेक्षा, ठाण्यापेक्षा, साताऱ्यापेक्षा.

इथवर नियम नीट चालतो. पण हीच युक्ती सर्वनामांवर वापरून बघा. 'मला', मग 'मपेक्षा'? 'तुला', मग 'तुपेक्षा'? नाही. आपण 'माझ्यापेक्षा', 'तुझ्यापेक्षा' म्हणतो. खरी गंमत इथून सुरू होते.

माझा कुत्रा तुझ्यापेक्षा हुशार आहे

हे वाक्य मित्राला म्हणून बघा. तो शांत राहिला तर त्याने 'तुझ्या कुत्र्यापेक्षा' असा अर्थ घेतला. चिडला तर 'तुझ्यापेक्षा' म्हणजे खुद्द त्याच्यापेक्षा, असा घेतला. दोन्ही अर्थ घ्यायचा त्याला पूर्ण अधिकार आहे, कारण 'तुझ्या' हे रूप दोन वाटांनी तयार होतं.

पहिली वाट 'तू' या सर्वनामाची. मराठीत बरीचशी शब्दयोगी अव्ययं 'मी' आणि 'तू' यांना लागताना षष्ठीचं रूप घेतात: माझ्यासमोर, माझ्यासाठी, तुझ्याबरोबर. 'पेक्षा' त्यांतलाच. त्यामुळे 'तुझ्यापेक्षा' म्हणजे 'तू' या माणसाच्या तुलनेत. दुसरी वाट 'तुझा' या विशेषणाची. 'तुझा कुत्रा' याचं 'तुझ्या कुत्र्यापेक्षा' होतं आणि कुत्रा एकदा वाक्यात येऊन गेल्याने दुसऱ्यांदा गाळता येतो. उरतं 'तुझ्यापेक्षा'. दोन वेगळी रूपं एकाच आकारात येऊन बसली आहेत, आणि नुसता शब्द बघून ती वेगळी करता येत नाहीत.

आता 'तू'च्या जागी नाव टाका.

माझा कुत्रा रोहितपेक्षा हुशार आहे.
माझा कुत्रा रोहितच्यापेक्षा हुशार आहे.

इथे दोन वाटा वेगळ्या झाल्या. पहिल्या वाक्यात रोहितचा अपमान आहे, दुसऱ्यात फक्त त्याच्या कुत्र्याचा. सर्वनामात जी गोष्ट झाकली जाते ती नामात 'च्या'मुळे उघडी पडते. नेमकी हीच गोष्ट आपण लिहिताना विसरतो, आणि विसरण्याचं कारण माझ्या मते सर्वनामांची सवय हेच आहे. 'तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे' हे वाक्य निर्दोष आहे, कारण त्या 'माझ्या'मध्ये 'माझा पगार' आधीच बसलेला आहे. त्याच साच्यात आपण नाव ओततो आणि 'तिचा पगार रोहितपेक्षा जास्त आहे' असं लिहितो. आता पगाराची तुलना माणसाशी झाली. साचा तोच दिसतो, पण आतला 'च्या' गळून पडला आहे.

वर म्हटलेला अपवाद तो हाच. 'पेक्षा'च्या आधी एरवी कुठल्याच विभक्तीचा प्रत्यय येत नाही, पण षष्ठीचा येतो, तोही 'च्या' या सामान्यरूपात. कारण 'रोहितचा' हा शब्द विशेषणासारखा वागतो आणि मागे गाळलेल्या नामाची जागा राखून ठेवतो. 'मुंबईतला', 'कालचा', 'झाडावरचा' हेही तसेच: मुंबईतल्यापेक्षा, कालच्यापेक्षा, झाडावरच्यापेक्षा.

यातली एक अडचण सांगायला हवी. बोलताना बरेच जण 'त्याच्यापेक्षा'च्या चालीवर 'दादाच्यापेक्षा ताई उंच आहे' असंही म्हणून जातात आणि त्यांच्या मनात दादाची कुठलीही वस्तू नसते, फक्त दादा असतो. म्हणजे 'च्या' दिसला की मागे काहीतरी गाळलेलं आहेच अशी हमी बोलण्यात देता येत नाही. म्हणून लिहिताना, विशेषतः जिथे अर्थ बदलण्याची शक्यता आहे तिथे, गाळलेलं नाम परत घालावं: 'रोहितच्या कुत्र्यापेक्षा', 'पृथ्वीच्या चंद्रापेक्षा'. शब्द एक वाढतो, शंका उरत नाही.

मग 'पुण्यापेक्षा' लिहायचंच नाही का?

इथे दुसऱ्या टोकाला जाणारी मंडळी भेटतात. 'मुंबईची हवा पुण्यापेक्षा दमट आहे' हे वाक्य त्यांना अशुद्ध वाटतं, कारण हवेची तुलना शहराशी झाली. तर्क बरोबर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. मराठी बोलणारा कुणीही हे वाक्य ऐकून पुणे शहर किती दमट आणि मुंबईची हवा किती दमट असा विचार करत नाही. तो 'पुण्याच्या हवेपेक्षा' असंच समजतो. भाषा रोज अशी काटकसर करते आणि ती चालते.

चालते कधी आणि फसते कधी, हे ठरवायला एक साधी कसोटी पुरते. वाक्य जसं लिहिलंय तसं, शब्दशः वाचा. तो शब्दशः अर्थ शक्य तरी आहे का?

'तांब्याच्या पातळ थराची रोधकता तारेपेक्षा जास्त असते.' शब्दशः घेतलं तर रोधकता या राशीची तुलना तार या वस्तूशी झाली. असा अर्थ शक्यच नाही, कारण तार म्हणजे राशी नव्हे. म्हणून वाचक आपोआप 'तारेच्या रोधकतेपेक्षा' असं भरून घेतो. नुकसान काही नाही. 'बर्फाची घनता पाण्यापेक्षा कमी' हेही तसंच. अशा वाक्यांवर लाल रेघ मारणं म्हणजे वेळ घालवणं.

'गुरूचा चंद्र पृथ्वीपेक्षा मोठा.' इथे शब्दशः अर्थ अगदी शक्य आहे, कारण चंद्र आणि ग्रह दोघांनाही आकार असतो, दोघांचे व्यास किलोमीटरमध्येच मोजतात. आणि शेजारीच 'बुधापेक्षा मोठा' हे वाक्य त्याच शब्दशः अर्थाने खरं आहे. बुधाला तर चंद्रच नाही, त्यामुळे तिथे दुसरा अर्थ घेताच येत नाही. वाचकाने पहिलं वाक्य शब्दशः घेतलं आणि तो बरोबर निघाला, मग दुसरंही तो तसंच घेणार. इथे 'च्या' गाळणं ही काटकसर नाही, चुकीची माहिती आहे.

तिसरा प्रकार माझ्या विषयातला आहे आणि तो सगळ्यांत फसवा. 'तांब्याच्या अतिपातळ थराची रोधकता ॲल्युमिनियमपेक्षा जास्त असू शकते.' नेहमीच्या जाड तारांमध्ये, २० अंश सेल्सिअसला, तांब्याची रोधकता साधारण १.६८ आणि ॲल्युमिनियमची साधारण २.६५ असते, दोन्ही १०⁻⁸ ओहम-मीटर या एककात. म्हणजे तांबं चांगलं वाहक. पण थराची जाडी खूप कमी केली की इलेक्ट्रॉन थराच्या पृष्ठभागांवर आणि आतल्या कणांच्या सीमांवर वारंवार आदळायला लागतात. तांब्यात इलेक्ट्रॉन दोन धडकांमध्ये साधारण ४० नॅनोमीटर जातो. थर त्याहून पातळ झाला की रोधकता वाढताना दिसते आणि ती ॲल्युमिनियमच्या जाड तारेच्या रोधकतेलाही मागे टाकू शकते.

आता वाक्यातल्या 'ॲल्युमिनियमपेक्षा'चा अर्थ काय? ॲल्युमिनियमची जाड तार, की ॲल्युमिनियमचा तितकाच पातळ थर? पहिला अर्थ माझ्या मनात आहे. दुसरा अर्थ घेणारा वाचक असा निष्कर्ष काढेल की पातळ थर बनवायचा तर तांब्याऐवजी ॲल्युमिनियम वापरावं, आणि ते या वाक्यातून निघतच नाही, कारण पातळ झाल्यावर ॲल्युमिनियमचीही रोधकता वाढते. इथे गंमत अशी की 'ॲल्युमिनियमच्यापेक्षा' लिहूनही प्रश्न सुटत नाही. गाळलेलं नाम 'रोधकता' की 'थराची रोधकता', हे 'च्या' सांगत नाही. इथे पूर्णच लिहावं लागतं: 'ॲल्युमिनियमच्या जाड तारेच्या रोधकतेपेक्षा'. लांबलचक आहे, पण दुसरा उपाय नाही.

'पेक्षा' काय पुसतो

आतापर्यंत गाळलेल्या नामाबद्दल बोललो. आता गाळलेल्या प्रत्ययाबद्दल.

'पुण्यापेक्षा मुंबईत पाऊस जास्त पडतो.' मुंबईला 'त' आहे, पुण्याला नाही. तुलना पुण्यात पडणाऱ्या पावसाशी आहे, पण 'पुण्यातपेक्षा' असं आपण म्हणत नाही. 'पेक्षा' समोर आला की सप्तमीचा 'त' पुसला जातो आणि वाचक जोडीच्या शब्दाकडे, म्हणजे 'मुंबईत'कडे बघून तो परत बसवतो. तृतीयेचंही तसंच: 'साबणापेक्षा राखेने भांडी स्वच्छ निघतात.' 'साबणानेपेक्षा' नाही. जोडीचा शब्द वाक्यात जवळ आणि एकच असेल तर हे पुसणं खुशाल चालतं.

पुसलेला प्रत्यय कुठला ते कळेनासं झालं की मात्र पंचाईत. 'मला तुझ्यापेक्षा हापूस जास्त आवडतो' या वाक्यात 'तुला' पुसलाय की 'तू'? 'तुला हापूस जितका आवडतो त्याहून मला जास्त आवडतो' असं म्हणायचं असेल तर ठीक. 'तू मला जितका आवडतोस त्याहून हापूस जास्त आवडतो' असं असेल तर पुढचं तुमचं तुम्ही बघा. इथे 'च्या' मदतीला येत नाही, कारण 'तुलाच्यापेक्षा' असं काही नसतं. चतुर्थी आणि तृतीया 'पेक्षा'च्या पलीकडे नेण्याचं साधन मराठीकडे नाही. तेव्हा 'पेक्षा'ला नामापासून सोडवून पूर्ण वाक्याला जोडायचं: 'तुला आवडतो त्यापेक्षा मला हापूस जास्त आवडतो.' हे रूप लिहायला कंटाळवाणं वाटतं, पण ज्यात अर्थ एकच निघतो असं हेच आहे.

याच पुसण्यामुळे एक वाक्य दर पावसाळ्यात वादात सापडतं: 'गेल्या वर्षीपेक्षा यंदा पाऊस जास्त झाला.' 'वर्षी' मधली 'ई' सप्तमीची आहे, मग तिच्यापुढे 'पेक्षा' कसा? नियमाने 'गेल्या वर्षापेक्षा' हवं. मी लिहिताना तेच लिहीन. पण 'पूर्वीपेक्षा', 'आधीपेक्षा' हे सगळे बिनदिक्कत लिहितात आणि त्यांना कुणी हरकत घेत नाही, कारण 'पूर्वी' आणि 'आधी' यांच्यातला प्रत्यय आता कुणाला प्रत्यय वाटत नाही. ते पूर्ण क्रियाविशेषण झाले आहेत. 'गेल्या वर्षी' त्याच वाटेवर अर्ध्यात आहे. म्हणून 'गेल्या वर्षीपेक्षा' लिहिणाऱ्याला विभक्ती कळत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. शिवाय या वाक्याचा अर्थ दोन्ही रूपांत एकच आहे. दुरुस्त करायचंच असेल तर 'गेल्या वर्षीच्यापेक्षा' हा तिसरा पर्यायही आहे.

तपासायचं कसं

आता एखाद्या उत्तरपत्रिकेत किंवा लेखात ही चार वाक्यं आली आहेत असं समजा: 'शिसं लोखंडपेक्षा जड आहे', 'रोहितपेक्षा स्मिता उंच आहे', 'गेल्या वर्षीपेक्षा उन्हाळा कडक आहे', 'गुरूचा चंद्र पृथ्वीपेक्षा मोठा आहे'. फक्त सामान्यरूप बघणारा तपासनीस पहिल्या तिघांवर रेघ मारेल आणि चौथ्याला पूर्ण गुण देईल. माझ्या हिशेबाने पहिलं चूक आहे, दुसरं बरोबर आहे, तिसरं बोलीतलं पण चालण्याजोगं आहे, आणि ज्यावर थांबायला हवं होतं ते चौथं आहे.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी 'ला' लावून सामान्यरूप बघा. ते काही सेकंदांचं काम आहे. मग 'पेक्षा'च्या आधीच्या शब्दाचा जोडीदार वाक्यात शोधा: ज्याच्याशी तुलना आहे तो शब्द कर्ता आहे, की 'चा-ची-चे'च्या आत अडकलेला आहे? आत अडकलेला असेल तर वाक्य शब्दशः वाचा. शब्दशः अर्थ अशक्य असेल तर पुढे जा. शक्य असेल तर गाळलेलं नाम परत लिहा.

गुरूच्या वाक्याला हे लावलं तर जोडीदार 'गुरू' आहे, तो 'चा'मध्ये अडकलेला आहे, आणि शब्दशः अर्थ शक्य आहे. म्हणून वाक्य होतं: 'गुरूचा गॅनिमीड हा चंद्र पृथ्वीच्या चंद्रापेक्षा मोठा आहे, इतकंच नाही, तर बुध या ग्रहापेक्षाही मोठा आहे.' एकाच वाक्यात एक तुलना चंद्राशी आहे आणि एक ग्रहाशी, आणि कुठली कुणाशी हे विचारायची गरज उरत नाही.